सीआयएसएसपी की सीआयएसएम: परीक्षेच्या फीपासून नूतनीकरणापर्यंतचा हिशोब

माहिती सुरक्षेत चार-पाच वर्षं काढली की दोन प्रमाणपत्रांची नावं समोर येतात. एक आयएससी-टू या संस्थेचं सीआयएसएसपी आणि दुसरं आयसॅका या संस्थेचं सीआयएसएम. पहिलं तांत्रिक बाजूकडे जास्त झुकतं आणि त्याचा आवाका मोठा आहे. दुसरं सुरक्षेचं व्यवस्थापन बघणाऱ्यांसाठी आहे. कोणतं तुमच्या कामाला जवळचं आहे हे तुम्हाला ठाऊक असेल, त्यामुळे अभ्यासक्रमांची तुलना इथे करत नाही. इथे फक्त पैसे आणि मुदती बघायच्या आहेत, कारण दोन्ही संस्था पैसे अगदी वेगळ्या पद्धतीने घेतात आणि परीक्षेच्या फीचा आकडा एकट्याने पाहिला तर निर्णय हमखास चुकतो.

खालचे आकडे अमेरिकी डॉलरमधले आहेत आणि 2025 सालच्या दरांवर बेतलेले आहेत. काही प्रदेशांत फी स्थानिक चलनात आणि थोड्या वेगळ्या दराने घेतली जाते. कर आणि कार्डावरचं परकीय चलनाचं शुल्क वेगळं. पैसे भरण्याच्या दिवशी संस्थेच्या पानावरचा आकडा घ्या आणि तो याच हिशोबात टाका. आकडा थोडा बदलेल, हिशोबाची रीत बदलणार नाही.

| बाब | सीआयएसएसपी | सीआयएसएम |
|---|---|---|
| परीक्षा फी | 749 (सर्वांना एकच) | सभासदाला 575, इतरांना 760 |
| प्रमाणपत्रासाठी अर्जाची फी | वेगळी नाही | 50, एकदाच |
| वार्षिक देखभाल फी | 135 | सभासदाला 45, इतरांना 85 |
| संस्थेची वर्गणी | देखभाल फीतच आली | साधारण 145, शिवाय स्थानिक शाखेची वर्गणी |
| तीन वर्षांत लागणारे शिक्षणाचे तास | 120 | 120 |

वर्गणीचं गणित दोन्हीकडे सारखं नाही

आयएससी-टू कडे निवडायला काही नाही. परीक्षा पास झालात, अनुभवाची पडताळणी पार पडली की पहिली 135 डॉलरची देखभाल फी भरायची आणि मगच प्रमाणपत्र हातात येतं. त्या पैशातच तुम्ही संस्थेचे सभासद होता. नंतर दरवर्षी त्याच सुमारास पुन्हा 135. त्याच संस्थेचं आणखी एखादं प्रमाणपत्र पुढे घेतलंत तरी ही फी दुप्पट होत नाही. म्हणजे इथलं अंदाजपत्रक सोपं आहे, पण ते कमी करायलाही वाव नाही.

आयसॅकाकडे वर्गणी ऐच्छिक आहे आणि नेमकं इथेच लोक चुकतात. सभासद झाल्यावर परीक्षेची फी 185 डॉलरने कमी होते, वर्गणी मात्र 145 च्या आसपास. सरळ 40 डॉलरचा फायदा दिसतो. त्यात स्थानिक शाखेची वर्गणी मिळवा. ती शाखेनुसार बदलते. समजा ती 30 असेल, तर फायदा 10 डॉलरवर येतो. नव्या सभासदाकडून एखादं प्रवेश शुल्क मागितलं तर तेवढाही उरत नाही. म्हणजे पहिल्याच फटक्यात पास होणाऱ्याला केवळ परीक्षेपुरतं सभासदत्व जवळजवळ फुकट पडतं, पण त्यातून बचत होते असं म्हणता येत नाही.

मग परीक्षेच्या वर्षी सभासद व्हावं की नाही? आमच्या मते व्हावं, पण कारण वेगळं आहे. नापास झालात तर फेरपरीक्षेची फीही तुमच्या सभासदत्वानुसार ठरते आणि पुन्हा 185 वाचतात. शिवाय संस्थेची प्रश्नपेढी आणि संदर्भपुस्तिका सभासदाला स्वस्त मिळतात, आणि सीआयएसएमच्या तयारीत ती प्रश्नपेढी बहुतेक जण घेतातच. तेव्हा वर्गणीकडे एक छोटा विमा म्हणून बघा.

क्रम मात्र सांभाळायला हवा. फी कोणती लागेल हे नोंदणी करताना तुम्ही सभासद आहात की नाही यावर ठरतं. आधी परीक्षेची नोंदणी केली, 760 भरले आणि दोन दिवसांनी सभासद झालात, तर फरक परत मिळत नाही, कारण परीक्षेची फी ना परत मिळते, ना दुसऱ्याच्या नावावर करता येते. आधी सभासदत्व घ्या, ते खात्यात दिसू द्या आणि मगच परीक्षेच्या पानावर जा. देयकाच्या पानावर 575 दिसत नसेल तर तिथेच थांबा.

पुढच्या वर्षी चित्र उलटं होतं. प्रमाणपत्र हातात आल्यावर सभासदाची देखभाल फी 45 आणि बिगरसभासदाची 85. फरक फक्त 40 चा. तो वाचवण्यासाठी 145 ची वर्गणी भरली तर दरवर्षी किमान 105 डॉलर जादा जातात. परीक्षेच्या वेळी सभासदत्व फायद्याचं होतं म्हणून ते आपोआप नूतनीकरणावर ठेवणं ही या सगळ्या हिशोबातली सर्वांत महाग सवय आहे. ते तेव्हाच परवडतं जेव्हा शिक्षणाचे तास तुम्ही सभासदांना मोफत असलेल्या वेबिनारमधून आणि शाखेच्या बैठकांतून भरता. वर्षाला 40 तास तिथूनच मिळत असतील तर 105 डॉलरला 40 तास हा वाईट सौदा नाही. ते तास तुम्हाला कामाच्या ठिकाणच्या प्रशिक्षणातून आधीच मिळत असतील, तर मात्र वर्गणी बंद करा. सभासद नसलात तरी प्रमाणपत्र कायम राहतं. प्रमाणपत्रासाठी सभासदत्व लागत नाही, देखभाल फी आणि तास लागतात.

तीन वर्षांचं उदाहरण

प्रमाणपत्र तीन पूर्ण वर्षं टिकवायचं आहे आणि परीक्षा पहिल्या प्रयत्नात पास होते असं धरू. शाखेची वर्गणी आणि पुस्तकं बाजूला ठेवू, कारण ती प्रत्येकाची वेगळी.

सीआयएसएसपीला परीक्षेचे 749 आणि देखभालीचे तीनदा 135, म्हणजे 405. एकूण 1154.

सीआयएसएममध्ये तीन वाटा निघतात. कधीच सभासद न होणाऱ्याचे परीक्षेचे 760, अर्जाचे 50 आणि देखभालीचे तीनदा 85, म्हणजे 255. बेरीज 1065. फक्त परीक्षेच्या वर्षी सभासद होणाऱ्याचे वर्गणीचे 145, परीक्षेचे 575, अर्जाचे 50 आणि देखभालीचे तेच 255. बेरीज 1025. परीक्षेचं वर्ष धरून चारही वर्षं सभासद राहणाऱ्याचे वर्गणीचे 580, परीक्षेचे 575, अर्जाचे 50 आणि देखभालीचे तीनदा 45, म्हणजे 135. बेरीज 1340.

परीक्षेची फी पाहून कोणालाही वाटेल की सभासदाचं सीआयएसएम सर्वांत स्वस्त. सभासदत्व चालू ठेवलं तर तीन वर्षांनी तेच सर्वांत महाग निघतं. हाच हिशोब सहा देखभाल-वर्षांवर नेला की सीआयएसएसपी 1559 वर जातं, परीक्षेपुरत्या सभासदाचं सीआयएसएम 1280 वर आणि कायम सभासदाचं 1910 वर. निवड करताना हे तिन्ही आकडे शेजारी मांडा. पहिल्या वर्षाचा खर्च एकट्याने काही सांगत नाही.

नापास झालात तर

अंदाजपत्रकात बहुतेक जण ही ओळ लिहीतच नाहीत. दोन्ही संस्था फेरपरीक्षेला सवलत देत नाहीत. प्रत्येक प्रयत्नाला पूर्ण फी लागते. वर सीआयएसएसपीचे 1154 आले होते, एका अपयशाने ते 1903 होतात. परीक्षेपुरत्या सभासदाचं सीआयएसएम 1025 वरून 1600 वर जातं आणि बिगरसभासदाचं 1065 वरून 1825 वर. वर्गणीला विमा म्हटलं ते याच फरकामुळे. आधी 40 डॉलरचा दिसणारा फायदा एका अपयशानंतर 225 चा होतो.

आयएससी-टू परीक्षेबरोबर दुसऱ्या प्रयत्नाची हमी असलेलं पॅकेजही विकते. त्यासाठी 199 डॉलर जादा पडतात, म्हणजे दोन प्रयत्नांचे मिळून 948. ते घ्यावं का, हे एका भागाकारातून कळतं. 199 ला 749 ने भागलं तर साधारण 0.27 येतात. पहिल्या प्रयत्नात नापास होण्याची शक्यता तुम्हाला सत्तावीस टक्क्यांहून जास्त वाटत असेल, तर पॅकेज फायद्याचं आहे. सराव परीक्षांत कधी वर, कधी खाली जाणाऱ्याने ते घ्यावं. सलग तीन-चार वेगवेगळ्या संचांत आरामात पास होणाऱ्याने ते 199 वाचवावेत. मात्र हे गणित एका अटीवर उभं आहे: दुसरा प्रयत्न पॅकेजच्या मुदतीत द्यायला हवा. घेण्याआधी ती मुदत वाचा आणि तेवढ्या काळात पुन्हा अभ्यास करून बसता येईल का, हे कामाच्या वेळापत्रकाशी ताडून बघा. मुदत टळली तर 199 गेले, आणि पुढच्या प्रयत्नाला पुन्हा 749 भरायचे.

थांबण्याचे दिवस दोन्हीकडे जवळपास सारखेच आहेत आणि ते पैशावर वेगळ्याच वाटेने परिणाम करतात. सीआयएसएसपीला पहिल्या अपयशानंतर 30 दिवस, दुसऱ्यानंतर 60 आणि तिसऱ्यानंतर 90 दिवस थांबावं लागतं. सीआयएसएमला पहिल्यानंतर 30, दुसऱ्यानंतर 90 आणि तिसऱ्यानंतरही 90. बारा महिन्यांत चारपेक्षा जास्त प्रयत्न दोन्हीकडे करता येत नाहीत. आता समजा सीआयएसएमसाठी सभासदत्व संपायला सहा आठवडे उरले असताना तुम्ही पहिल्यांदा परीक्षा दिलीत. 30 दिवस थांबून, नवी नोंदणी करून, केंद्रावर जागा मिळेपर्यंत सभासदत्व संपलेलं असेल. मग 575 मध्ये फेरपरीक्षा देण्यासाठी आणखी 145 भरा किंवा 760 द्या, दोन्हीकडून तोटाच. म्हणून सभासद होताना वर्ष कधी संपतं ते बघा आणि पहिली परीक्षा ते वर्ष संपण्याच्या किमान पाच-सहा महिने आधी ठेवा. 30 आणि 90 दिवसांचे दोन्ही थांबे त्यात बसतात.

नापासाचा निकालही काही सांगत असतो. कोणत्या क्षेत्रात तुम्ही कमी पडलात हे दोन्ही संस्था कळवतात. एकाच क्षेत्रात ढोबळ कमतरता असेल तर 30 दिवस संपताच पुन्हा बसणं योग्य. सगळीच क्षेत्रं सारखी कच्ची असतील तर लवकर बसण्याचा अर्थ दुसरी पूर्ण फी पणाला लावणं. सीआयएसएमच्या उमेदवारांत एक ठरावीक कारण दिसतं. प्रश्नपेढीतली उत्तरं पाठ झालेली असतात, सरावात नव्वद टक्के मिळतात आणि प्रत्यक्षात उमेदवार अडकतो, कारण परीक्षा तंत्रज्ञाच्या नजरेतून नाही, व्यवस्थापकाच्या नजरेतून उत्तर मागते. सरावाचा आकडा खरा आहे का हे तपासायचं असेल तर चुकीचे तीन पर्याय का चुकीचे हे प्रत्येक प्रश्नाला तोंडी सांगून बघा. तिथे अडखळलात तर तो नव्वद टक्क्यांचा आकडा पाठांतराचा आहे.

तारीख बदलणं, ओळखपत्र आणि केंद्र

सीआयएसएमची तारीख ठरलेल्या वेळेच्या 48 तास आधीपर्यंत विनाशुल्क बदलता येते. सीआयएसएसपीची तारीख बदलायला 50 डॉलर आणि रद्द करायला 100 डॉलर लागतात. तीन महिन्यांनंतरची तारीख आज घेऊन ठेवली की अभ्यासाला धार येते असा सल्ला सर्रास दिला जातो. सीआयएसएमसाठी तो पाळायला हरकत नाही. सीआयएसएसपीसाठी तो दोनदा तारीख हलवणाऱ्याला 100 डॉलरला पडतो. तिथे पहिल्या पूर्ण सराव परीक्षेनंतरच तारीख घ्या.

पोहोचलाच नाहीत, तर दोन्हीकडे फी पूर्ण बुडते. आणि पोहोचूनही बुडू शकते. नोंदणीतलं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळलं नाही तर केंद्र आत सोडत नाही आणि तो प्रयत्न गैरहजेरीत जमा होतो. मधलं नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी एकाच अक्षरात किंवा लग्नानंतर बदललेलं आडनाव, हे नेहमीचे घोटाळे. खातं उघडण्याच्या दिवशीच ओळखपत्र समोर ठेवून नाव अक्षर न् अक्षर तसंच टाका. नंतर बदलायला संस्थेला लिहावं लागतं आणि त्याला दिवस लागतात.

सीआयएसएसपी केंद्रावरच जाऊन द्यावं लागतं. जवळ केंद्र नसेल तर प्रवास आणि एक रात्रीचा मुक्काम अंदाजपत्रकात लिहा, आणि फेरपरीक्षेच्या ओळीतही तोच खर्च पुन्हा लिहा. सीआयएसएम केंद्रावर देता येतं आणि घरून निरीक्षकाच्या कॅमेऱ्यासमोरही. घरून देण्यात प्रवास वाचतो, पण धोका वेगळा असतो. खोलीत दुसरं कोणी आलं, ऑफिसच्या लॅपटॉपवरच्या सुरक्षा सॉफ्टवेअरने परीक्षेचं सॉफ्टवेअर अडवलं किंवा नेट तुटलं, तर सत्र थांबू शकतं. ऑफिसचा लॅपटॉप यासाठी वापरूच नका. स्वतःच्या संगणकावर, परीक्षेच्याच जागी आणि परीक्षेच्याच वेळी सिस्टीमची चाचणी करून घ्या. संध्याकाळी छान चालणारं नेट सकाळी दहा वाजता तसंच चालेल असं नाही.

पास झालात, पण अनुभव कमी आहे

दोन्ही प्रमाणपत्रांना पाच वर्षांचा अनुभव लागतो. सीआयएसएसपीला तो आठ विषयक्षेत्रांपैकी किमान दोनांत हवा आणि ठरावीक पदवी किंवा मान्य प्रमाणपत्र असेल तर एक वर्ष सूट मिळते. सीआयएसएमला पाचपैकी तीन वर्षं सुरक्षा व्यवस्थापनाची हवीत आणि जास्तीत जास्त दोन वर्षांची सूट मिळते. ही सूट सर्वसाधारण अनुभवाला लागू होते, व्यवस्थापनाच्या तीन वर्षांना नाही.

परीक्षा आधी देऊन अनुभव नंतर पुरा करता येतो, पण त्या मधल्या काळाची किंमत दोन्हीकडे वेगळी आहे. सीआयएसएमची परीक्षा पास झाल्यावर अर्ज करायला पाच वर्षं मिळतात आणि तोवर देखभाल फी नाही. सीआयएसएसपी पास झाल्यावर पडताळणीचा अर्ज नऊ महिन्यांत करायचा असतो. अनुभव पुरा नसेल तर तुम्ही त्या संस्थेचे असोसिएट होता, दरवर्षी 50 डॉलर भरता आणि वर्षाला 15 तासांचं शिक्षण दाखवता. अनुभव जमवायला सहा वर्षं मिळतात. दोन वर्षं कमी असणाऱ्याला यात 100 डॉलर आणि 30 तास जातात. रक्कम फार नाही, पण एक पेच आहे: या काळात नावापुढे सीआयएसएसपी लावता येत नाही. नोकरीच्या जाहिरातीत तेच नाव मागितलं असेल तर त्या दोन वर्षांत खर्च चालू राहतो आणि उपयोग अर्धाच होतो. अनुभव दोन वर्षांहून जास्त कमी असेल तर परीक्षा आत्ता देण्याची घाई आम्ही कोणालाच सुचवणार नाही.

पडताळणीसाठी सीआयएसएसपीला त्याच संस्थेच्या एखाद्या प्रमाणपत्रधारकाची शिफारस लागते. तसा कोणी ओळखीचा नसेल तर संस्था स्वतः ते काम करते. त्याचे पैसे लागत नाहीत, वेळ मात्र लागतो. सीआयएसएमला वरिष्ठांकडून किंवा जुन्या मालकाकडून अनुभवाची खात्री मागतात. बंद पडलेल्या कंपनीतली तीन वर्षं दाखवायची असतील तर तिथल्या वरिष्ठांचा ठावठिकाणा परीक्षेच्या आधीच शोधून ठेवा.

नूतनीकरणात न दिसणारा खर्च

दोन्हीकडे तीन वर्षांत 120 तास, म्हणजे सरासरी वर्षाला 40. फरक वाटणीत आहे. सीआयएसएमला दरवर्षी किमान 20 तास सक्तीचे आहेत. सीआयएसएसपीला वर्षाला 40 ची शिफारस आहे, शिवाय 120 पैकी किमान 90 तास थेट सुरक्षेच्या विषयांतले हवेत. उरलेले 30 सर्वसाधारण व्यावसायिक कौशल्याचे चालतात.

सीआयएसएमच्या या वीसच्या आकड्याने बरेच जण फसतात. पहिल्या वर्षी 20 तास भरले, संस्थेची पोच आली, सगळं ठीक वाटलं. दुसऱ्या वर्षी पुन्हा 20. तिसऱ्या वर्षी लक्षात येतं की 120 पुरे करायला एकाच वर्षात 80 तास हवेत. मग डिसेंबरात महागडं तीन दिवसांचं प्रशिक्षण किंवा परिषदेचं तिकीट घेतलं जातं, आणि त्याची किंमत सहा वर्षांच्या देखभाल फीहूनही जास्त होऊ शकते. हा खर्च तासांच्या वाटणीमुळे आलेला असतो, संस्थेने लावलेला नसतो. पहिल्याच वर्षी 45 तास भरा. नोकरी बदलली किंवा घरी काही अडचण आली तर ते वरचे तास कामाला येतात.

तास जमा केले एवढ्याने भागत नाही, ते सिद्ध करता यायला हवेत. दोन्ही संस्था काही धारकांना यादृच्छिकपणे तपासणीसाठी निवडतात. वेबिनारचं प्रमाणपत्र, कार्यक्रमपत्रिका, हजेरीचा ईमेल, यातलं काहीतरी प्रत्येक नोंदीमागे हवं. आयसॅकाच्या नियमानुसार हे पुरावे तीन वर्षांचं चक्र संपल्यावर आणखी बारा महिने ठेवावे लागतात. ऑफिसच्या ईमेलवर ठेवलेले पुरावे नोकरी सुटली की हातातून जातात, म्हणून स्वतःच्या खात्यात एक फोल्डर करा आणि फाइलच्या नावातच तारीख आणि तास लिहा. संस्थेच्या खात्यालाही वैयक्तिक ईमेलच द्या. देखभाल फीची आठवण जुन्या कंपनीच्या बंद पडलेल्या पत्त्यावर जात राहिल्याने प्रमाणपत्र स्थगित झालं, ही तक्रार दोन्ही संस्थांच्या धारकांकडून ऐकू येते. स्थगिती लांबली आणि प्रमाणपत्र रद्द झालं तर पुन्हा परीक्षेला बसण्याची वेळ येऊ शकते. 85 किंवा 135 डॉलर चुकवण्याची किंमत मग 760 किंवा 749 होते.

कंपनी फी भरणार असेल तर तीन प्रश्न लेखी विचारा. पैसे आधी मिळतात की पास झाल्यावर? नापास झालो तर दुसऱ्या प्रयत्नाचं काय? देखभाल फी आणि वर्गणी दरवर्षी मिळेल का? बऱ्याच कंपन्या पास झालेल्या परीक्षेची फी तेवढी देतात आणि बाकी सगळं तुमच्यावर येतं. एवढी वर्षं नोकरी सोडायची नाही अशी अट असेल, तर ती अट नेमकी कधी सुरू होते तेही विचारा: परीक्षेच्या दिवसापासून की पैसे हातात आल्यापासून.

कोणाला कोणतं

पैशाच्या बाजूने पाहिलं तर, अनुभव पुरा असलेला, सरावात स्थिर गुण मिळवणारा आणि जवळ परीक्षा केंद्र असलेला माणूस दोन्हीपैकी काहीही घेऊ शकतो. परीक्षेनंतर आयसॅकाची वर्गणी बंद केली तर तीन वर्षांचा फरक 130 डॉलरच्या आत राहतो आणि तेवढ्यासाठी आपल्या कामाला जवळचं प्रमाणपत्र सोडणं बरोबर नाही. पास होण्याची खात्री नसलेल्याला परीक्षेपुरत्या सभासदत्वाचं सीआयएसएम किंवा 948 चं सीआयएसएसपी पॅकेज बरं. एका अपयशानंतर पहिल्याचा एकूण खर्च 1600 आणि दुसऱ्याचा 1353, म्हणजे इथे पॅकेज स्वस्त पडतं. व्यवस्थापनाचा अनुभव तीन वर्षांपेक्षा कमी आहे पण तांत्रिक पाच वर्षं पुरी आहेत, त्याच्यासाठी निवड झालेलीच आहे. त्याने सीआयएसएसपी घ्यावं. पुढे सीआयएसएमसाठी अर्ज करताना चालू सीआयएसएसपीमुळे दोन वर्षांच्या सर्वसाधारण अनुभवाची सूट मिळते.

दोन्ही बाळगायची असतील तर आयसॅकाची वर्गणी बंद ठेवून वर्षाला 135 आणि 85, असे 220 डॉलर धरा. तास दुप्पट करायची गरज नसते. एकच सुरक्षेचा अभ्यासक्रम दोन्हीकडे नोंदवता येतो, फक्त मोजणी थोडी वेगळी आहे. आयसॅका पन्नास मिनिटांचा एक तास धरते, आयएससी-टू साठ मिनिटांचा. दोन्हीकडे साठनेच मोजा म्हणजे तपासणीत अडचण येत नाही. सीआयएसएमचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असं चालतं आणि सीआयएसएसपीचं तुम्हाला प्रमाणपत्र मिळालेल्या महिन्याच्या पुढच्या महिन्यापासून. एखादा कोर्स एका चक्रात बसला आणि दुसऱ्याच्या मुदतीबाहेर गेला असं होऊ शकतं, म्हणून दोन्ही चक्रांच्या शेवटच्या तारखा एकाच कॅलेंडरात, प्रत्येकी नव्वद दिवस आधीच्या सूचनेसह टाकून ठेवा.